डाव्या जवनिकेचा प्रेशर-व्हॉल्यूम लूप: पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी विचारतात ते प्रश्न

पुण्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवताना दर वर्षी फळ्यावर हाच आयत काढते आणि तास संपल्यावर दारात तेच प्रश्न ऐकते. काही प्रश्न पोरांचे आहेत. काही आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या निमित्ताने आलेले आहेत, कारण त्यांच्या सूनबाईंनी इकोचा रिपोर्ट माझ्यासमोर धरला आणि समजावून सांगताना मी शेवटी ग्राफपेपरच काढला. पेन्सिल, पट्टी आणि एक ग्राफपेपर जवळ ठेवून वाचलंत तर निम्मं काम आपोआप होईल.

हा लूप म्हणजे नेमकं कशाचं चित्र आहे?

आडव्या अक्षावर डाव्या जवनिकेत या क्षणी किती रक्त आहे ते मिलिलिटरमध्ये. उभ्या अक्षावर त्याच क्षणी आत किती दाब आहे तो मिलिमीटर पाऱ्यात. एका ठोक्यात हा बिंदू जिथून निघतो तिथेच परत येतो, म्हणून लूप.

तब्येतीने ठणठणीत, आरामात पडलेल्या माणसाचे आकडे घेऊ. पूर्ण भरल्यावर जवनिकेत 120 मिली रक्त आणि दाब जेमतेम 8. हा उजवा खालचा कोपरा. इथे कर्णिकेकडची मायट्रल झडप मिटते आणि स्टेथोस्कोपमध्ये पहिला आवाज येतो. मग व्हॉल्यूम तेवढंच राहून दाब 80 पर्यंत चढतो, एओर्टाकडची, म्हणजे महाधमनीकडची, एओर्टिक झडप उघडते, रक्त बाहेर पडू लागतं. दाब 120 च्या आसपास जाऊन थोडा उतरतो आणि 50 मिली शिल्लक असताना, दाब 100 च्या सुमाराला, एओर्टिक झडप मिटते. हा डावा वरचा कोपरा, दुसऱ्या आवाजाची जागा. मग व्हॉल्यूम 50 वरच राहून दाब धाडकन खाली येतो, मायट्रल उघडते आणि भरण्याचं काम परत सुरू. बाहेर गेलेलं रक्त 120 वजा 50, म्हणजे 70 मिली. हा स्ट्रोक व्हॉल्यूम. 70 भागिले 120 म्हणजे 58 टक्के, हे इजेक्शन फ्रॅक्शन.

दिशा लक्षात राहत नाही. घड्याळाप्रमाणे की उलट?

उलट. पाठ करू नका, विचार करा: रक्त बाहेर जातं तेव्हा दाब जास्त असतो की कमी? जास्त. म्हणजे वरच्या कडेवर बिंदू उजवीकडून डावीकडे सरकलाच पाहिजे. बाण दुसऱ्या दिशेने काढलात तर तुमचं हृदय रक्त ढकलत नाही, रक्तच त्याला ढकलतंय.

उभ्या रेषांवर काहीच हलत नाही, मग हृदय तिथे करतं काय?

सायकलच्या चाकात हवा भरली असेल तर हे हातानेच कळलंय तुम्हाला. चाक आधीच कडक असेल तर पंपाचा दांडा दाबायला सुरुवात केल्याबरोबर हवा आत जात नाही. पंपातला दाब ट्यूबमधल्या दाबापेक्षा वर जाईपर्यंत व्हॉल्व बंदच असतो. तेवढा जोर फुकट गेल्यासारखा वाटतो, पण तो लावल्याशिवाय पुढचं काही होत नाही. जवनिकेचंही तसंच. एओर्टात मागच्या ठोक्याचे 80 उरलेले असतात. ते ओलांडेपर्यंत दोन्ही झडपा बंद, रक्त कोंडलेलं, स्नायू ताणलेला. हा पूर्ण चढ साधारण 0.05 सेकंदात होतो.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगते. हवा दाबली की आकसते, म्हणून पंपाचा दांडा तेवढ्यात थोडा खाली गेलेला असतो. रक्त आकसत नाही, म्हणून आपली रेषा अगदी उभी.

डाव्या बाजूची उभी रेषा उतरण्याची. तिथेही दोन्ही झडपा बंद असतात आणि स्नायू सैल पडत असतो. सैल पडणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे. कॅल्शियम पेशीतल्या कोठारात परत खेचायला ऊर्जा लागते. म्हणून रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयात आकुंचन अजून ठीक दिसत असताना सैल पडणं आधी मंदावतं.

रक्त भरताना दाब वाढायला हवा. मग खालची कडा आधी खाली का वळते?

कारण मायट्रल उघडते तेव्हा सैल पडणं संपलेलं नसतं. रक्त आत येत असतं आणि स्नायू त्याहून वेगाने मोकळा होत असतो, त्यामुळे पहिल्या क्षणांत व्हॉल्यूम वाढूनही दाब घसरतो. पिळलेला स्पंज पाण्याखाली सोडल्यावर पाणी ओढून घेतो, तसंच काहीसं. त्यानंतर मात्र कडा हळूहळू चढते, आणि शेवटी डाव्या कर्णिकेच्या आकुंचनाने छोटीशी उचल मिळते. उत्तरपत्रिकेत ही कडा सरळ पट्टीने काढलेली दिसली की मला कळतं, चित्र पाहिलंय पण वाचलेलं नाही.

यात वेळ कुठे दिसते?

दिसत नाही. मिनिटाला 75 ठोके धरले तर पूर्ण फेरी 0.8 सेकंदांची, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ बिंदू खालच्या कडेवर रेंगाळतो. कागदावरची लांबी आणि लागलेला वेळ यांचा काही संबंध नाही.

डाव्या वरच्या कोपऱ्याबद्दल तुम्ही एवढं का बोलता?

कारण हृदयाची ताकद तिथे दिसते. एकाच हृदयाला आधी कमी रक्त द्या, मग जास्त द्या, मग एओर्टाचा अडथळा वाढवा. प्रत्येक वेळी लूप वेगळा येईल. पण त्या सगळ्या लूपांचे डावे वरचे कोपरे जवळपास एका सरळ रेषेवर बसतात. जॉन्स हॉपकिन्समध्ये हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी 1970 च्या दशकात कुत्र्याच्या हृदयावर हे मोजून दाखवलं. ओटो फ्रँक यांनी बेडकाच्या हृदयात दाब आणि व्हॉल्यूमचं नातं त्याच्या सुमारे पाऊण शतक आधीच मांडलं होतं.

ग्राफपेपरवर ही रेषा काढा. आडव्या अक्षावर 10 मिलीपासून सुरू करा आणि दर 1 मिलीला दाब 2.5 मिमी पाऱ्याने चढू द्या. 50 मिलीला ती बरोबर 100 वर येईल, म्हणजे आपल्या निरोगी माणसाच्या कोपऱ्यावर. हिला आपण ताकदीची रेषा म्हणू. स्नायू जोरकस झाला, समजा अ‍ॅड्रेनलिनने, तर ती जास्त उभी होते. स्नायू कमजोर झाला तर आडवी पडते.

आता दुसरी रेषा. आडव्या अक्षावर 120 मिलीपासून निघा आणि डावीकडे तिरपं वर जात त्याच कोपऱ्याला भेटा. 70 मिली मागे गेलो आणि 100 चढलो, म्हणजे चढ 1.43. ही अडथळ्याची रेषा. धमन्या आवळल्या की ती जास्त उभी होते, सैल झाल्या की कमी. बारकाईने पाहिलं तर हिच्यात हृदयाचे ठोकेही लपलेले आहेत. ठोके वाढले की तीच धमनी या रेषेला जास्त कडक भासते.

पुढचं सगळं या दोन रेषांवर चालतं. ताकदीची रेषा आणि अडथळ्याची रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठोका संपतो. अडथळ्याची रेषा कुठून निघणार हे हृदय किती भरलंय त्यावर ठरतं.

मग प्रीलोड, आफ्टरलोड, कॉन्ट्रॅक्टिलिटी बदलली की काय काढायचं?

प्रीलोड, म्हणजे ठोक्याआधीचं भरण, बदललं की अडथळ्याची रेषा चढ न बदलता उजवी-डावीकडे सरकवा. आफ्टरलोड, म्हणजे धमन्यांचा अडथळा, बदलला की तिचा चढ बदला. कॉन्ट्रॅक्टिलिटी, म्हणजे स्नायूची ताकद, बदलली की ताकदीच्या रेषेचा चढ बदला. एका वेळी एकच हलवा. तिन्ही एकदम हलवले की काय कशामुळे झालं हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

काकांच्या रिपोर्टमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन 40 च्या खाली आहे. म्हणजे त्यांच्या अंगात रक्त कमी जातं?

सूनबाईंचा प्रश्न हाच होता, आणि उत्तर अनेकांना पटत नाही.

काका रोज पहाटे पर्वती चढणारे. हार्ट अ‍ॅटॅक येऊन दीडेक महिना झाल्यावर अर्ध्या पायऱ्यांवर थांबून कठडा धरायला लागले. रात्री एका उशीवर झोप येईना, दोन लागायच्या. मोज्याची किनार घोट्यावर वळ ठेवून जायची आणि तो वळ रात्री झोपेपर्यंत जात नसे. हिशोब सोपा राहावा म्हणून त्यांचे आकडे मी गोल करून घेते.

स्नायूचा एक भाग मेला, म्हणून ताकदीची रेषा आडवी झाली. चढ 2.5 वरून 1 वर आला असं धरा. बाकी काहीच बदललं नाही, तर 120 मिलीपासून निघालेली जुनी अडथळ्याची रेषा तिला सुमारे 75 मिलीवर छेदेल. म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम 70 वरून 45 वर आणि ठोक्याच्या शेवटचा दाब 65 वर. एवढ्यावर माणूस उभाही राहू शकत नाही.

शरीर हे चालू देत नाही. मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, शिरा आवळतात, हृदयाकडे येणारं रक्त वाढतं आणि जवनिका जास्त भरते. भरण 180 मिली झालं असं घ्या आणि तिथून तीच 1.43 चढाची रेषा काढा. कमजोर रेषेला ती नेमकी 110 मिली आणि 100 मिमी या बिंदूवर भेटते. 180 वजा 110 किती? 70 मिली.

म्हणजे रक्त पूर्वीइतकंच जातंय. दाबही पूर्वीचाच. फक्त 70 भागिले 180 केलं की इजेक्शन फ्रॅक्शन 39 टक्के येतं. काकांचं हृदय खुर्चीत बसलेल्या माणसाला पुरेसं रक्त देतंय, पण त्यासाठी ते बरंच जास्त फुगून काम करतंय. खुर्चीत बरं वाटणं आणि पर्वतीच्या निम्म्यावर दम लागणं, दोन्ही खरं असू शकतं ते यामुळे. चढताना लागणारी जास्तीची ताकद कुठून आणणार? राखीव साठा बसल्या जागीच खर्च झालाय.

पण रक्त पुरेसं जातंय तर रात्री दम का लागतो?

आता लूपच्या खालच्या कडेकडे या. भरताना दाब सरळ रेषेत वाढत नाही. आधी जवळपास सपाट आणि मग झपाट्याने, फुग्यासारखा नव्हे तर जुन्या चामड्याच्या पखालीसारखा. ठरावीक मापापर्यंत ती निमूट भरते आणि मग एकदम ताठ होते. 120 मिलीला 8 असलेला दाब 180 मिलीला 24 च्या घरात जाऊ शकतो. तो दाब डाव्या कर्णिकेत आणि तिथून फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत मागे तुंबतो. पंचविशीच्या आसपास पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागतं. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे परत येतं, भरण आणखी वाढतं, म्हणून दुसरी उशी.

लूपचा डावा वरचा कोपरा थकवा सांगतो आणि उजवा खालचा कोपरा दम सांगतो. फळ्यावर मी हे वाक्य लिहीत नाही, कारण मुलं तेवढंच पाठ करतात. शिवाय आठवडे-महिने गेले की जवनिका कायमची मोठी होते, खालची वक्ररेषा उजवीकडे सरकते आणि तेवढ्याच व्हॉल्यूमला दाब कमी भरतो. त्यामुळे जुन्या पेशंटच्या नुसत्या व्हॉल्यूमवरून दमाचा अंदाज बांधू नये.

हृदय आधीच कमजोर, आणि डॉक्टरांनी बीपी उतरवणारी गोळी दिली. हे कसं?

सूनबाई याच ठिकाणी माझ्याकडे संशयाने पाहायला लागल्या. मग दोन रेषांनीच दाखवलं.

गोळीने धमन्या सैल केल्या, अडथळ्याची रेषा 1.43 वरून 1 वर आली. काकांच्या 180 मिलीपासून ती काढा. कमजोर रेषेला ती 95 मिलीवर छेदते. स्ट्रोक व्हॉल्यूम 70 वरून 85, ठोक्याच्या शेवटचा दाब 100 वरून 85. म्हणजे 15 मिली रक्त वाढलं आणि 15 मिमी दाब उतरला.

तीच गोळी निरोगी माणसाला द्या. 120 मिलीपासून 1 चढाची रेषा काढली की ती उभ्या ताकदीच्या रेषेला 41 मिलीच्या जवळ छेदते. स्ट्रोक व्हॉल्यूम 70 वरून जेमतेम 79, दाब मात्र 100 वरून 79. रक्त थोडंच वाढलं आणि बीपी चांगलंच पडलं.

हे सगळं ताकदीच्या रेषेच्या चढातून येतं. रेषा उभी असेल तर तिच्यावरून खाली घसरताना दाब खूप उतरतो आणि व्हॉल्यूम थोडंच बदलतं. रेषा आडवी असेल तर उलट. कमजोर हृदय अडथळ्याला जास्त घाबरतं आणि म्हणूनच अडथळा कमी केला की जास्त खुलतं. हे वाचून समजत नाही. दोन्ही जोड्या स्वतः काढून छेदबिंदू पाहिला की समजतं.

मग आणखी उतरवत का नाही? लघवीची गोळी पण सुरू आहे ना?

लघवीच्या गोळीने भरण 180 वरून 160 केलं असं धरा. रेषा चढ तोच ठेवून डावीकडे सरकवा. ठोका 85 मिलीवर संपतो, स्ट्रोक व्हॉल्यूम 75. भरलेल्या जवनिकेतला दाब 24 वरून 17 च्या आसपास, म्हणजे रात्रीची दुसरी उशी सुटायला हरकत नाही. पण ठोक्याच्या शेवटचा दाब आता 75 आहे. अंथरुणातून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती इथेच. पुढे प्रत्येक पावलावर फुफ्फुस सुखावतं आणि मेंदू-मूत्रपिंड कुरकुरतात, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू बदलतात आणि मधूनमधून क्रिएटिनिन तपासायला लावतात. गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, आणि माझ्या ग्राफपेपरवरून तर मुळीच नाही.

लूपच्या आतल्या क्षेत्रफळाला अर्थ आहे का?

आहे. दाब गुणिले व्हॉल्यूम म्हणजे काम. ढोबळमानाने 70 गुणिले 100, म्हणजे 7000. या मापात 7500 म्हणजे एक ज्यूल, तर एका ठोक्याचं काम ज्यूलपेक्षा थोडं कमी. एक लिटरची भरलेली बाटली साडेनऊ सेंटिमीटर उचलावी इतकं.

पण ऑक्सिजनचं बिल फक्त या क्षेत्रफळावर येत नाही. सुगा यांनी दाखवलं की लूपच्या डावीकडे, ताकदीच्या रेषेखाली जो त्रिकोण उरतो तोही हिशोबात धरावा लागतो. ताणलेल्या स्नायूत साठून राहिलेली ही ऊर्जा कामाला लागत नाही, पण तिची किंमत मोजावी लागते. निरोगी माणसाचा त्रिकोण 40 गुणिले 100 च्या निम्मा, 2000. काकांचा गोळीआधीचा त्रिकोण 100 गुणिले 100 च्या निम्मा, 5000. दोघांचं बाहेरचं काम तेच 7000. बेरीज 9000 विरुद्ध 12000. तेवढंच रक्त, त्याच दाबाने पाठवायला काकांच्या हृदयाला जवळपास एक तृतीयांश जास्त खर्च येतो, आणि तोही ज्या रोहिण्या आधीच अरुंद आहेत त्यांच्यातून भागवायचा.

झडपांच्या आजारात लूप कसा दिसतो?

थोडक्यात: एओर्टिक झडप अरुंद झाली की वरची कडा उंच जाते, जवनिकेत 200 आणि दंडावर 120 असंही होऊ शकतं. मायट्रल गळत असेल तर उभी रेषा उभी राहतच नाही, कारण एओर्टिक उघडायच्या आधीच रक्त मागे कर्णिकेत पळायला लागलेलं असतं. लूपची रुंदी मोठी दिसते, पण सगळं रक्त पुढे गेलेलं नसतं. अशा पेशंटचं 60 टक्के इजेक्शन फ्रॅक्शन पाहून हुरळून जाऊ नये.

हॉस्पिटलात असा लूप कुणाचा काढतात का?

रोजच्या कामात नाही. खरा लूप हवा तर जवनिकेत कॅथेटर घालून दाब आणि व्हॉल्यूम दोन्ही क्षणोक्षणी मोजावे लागतात. त्यासाठी रक्ताची विद्युतवाहकता मोजणारा कॅथेटर यान बान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायडनमध्ये 1980 च्या दशकात पुढे आणला. ताकदीची रेषा मिळवायला एक लूप पुरत नाही. खालच्या महाशिरेत फुगा फुगवून काही ठोके भरण कमी करतात आणि लहान होत जाणाऱ्या लूपांचे कोपरे जोडतात. हे जलद उरकावं लागतं, नाहीतर शरीर प्रतिक्रिया देतं, ठोके वाढतात आणि मोजायला घेतलेली ताकदच बदलून जाते.

नेहमीच्या पेशंटकडे दोनच गोष्टी असतात: इकोमधली दोन व्हॉल्यूम आणि दंडावरच्या पट्ट्याचं बीपी. वरच्या बीपीला 0.9 ने गुणलं की ठोक्याच्या शेवटच्या दाबाचा कामचलाऊ अंदाज येतो. तेवढ्यावर कोपरा मांडता येतो आणि अडथळ्याची रेषाही काढता येते. ताकदीची रेषा एका बिंदूवरून काढता येत नाही, कारण ती अक्षाला 10 मिलीवरच भेटते हे आपण गृहीत धरलं होतं. मोठ्या झालेल्या हृदयात ती बरीच उजवीकडे भेटू शकते, आणि खूप जोरकस हृदयात ती सरळ न राहता वाकते. सूनबाईंना दिलेल्या कागदावर म्हणूनच मी तो 10 चा आकडा पेन्सिलीने लिहिला होता आणि बाकी सगळं पेनाने.